जिथे एकच मावेल

हेल्मी रुओना फोटो घेऊन आली तेव्हा तिने तो पावाच्या कागदी पिशवीत, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून आणला होता. लोर्नाने पिशवी उघडली तशी वेलदोड्याचा वास आला. हेल्मीच्या घरातल्या प्रत्येक वस्तूला तो वास असतो. शनिवारी निसू, म्हणजे वेलदोड्याचा गोड पाव, भाजायचा तिचा नेम तिचा नवरा आर्विड गेला त्या आठवड्यातही चुकला नव्हता.

"एवढा एकच आहे बघ," हेल्मी म्हणाली. "लग्नातल्या फोटोत त्याने डोळे मिटलेत, आणि लायसन्सवरच्या फोटोत तो चोरासारखा दिसतो. हा मी काढला होता. त्याला न सांगता."

लार्च बे गावात फ्युनरल होम एकच. तिथे फोटो, निधनवार्ता आणि हॉलमधला टीव्हीसारखा पडदा ही सगळी कामं लोर्ना टेर्वोकडे. त्याआधी, गावात फोटो स्टुडिओ होता तोवर, ती स्टुडिओत होती. तेव्हा माणूस गेला की घरचे फोटो घेऊन यायचे, लोर्ना काचेच्या टेबलावर तो ठेवून मेणाच्या पेन्सिलीने चौकट आखायची आणि विचारायची, "इथून कापू?" घरची बाई मान हलवायची किंवा म्हणायची, "त्याचा कान राहू दे गं." मगच पातं खाली यायचं. जे काही कापलं जायचं ते दोघींच्या डोळ्यांदेखत. कापलेली पट्टी टेबलावर पडलेली असायची, आणि कित्येक बायका तीसुद्धा पर्समध्ये घालून घरी न्यायच्या.

फोटो बोटीच्या धक्क्यावरचा होता. डावीकडे सगळा तलाव, सुपीरियरचं ते करडं, थंड पाणी. पाण्याच्या कडेला आर्विड, डोक्यावर टोपी, चेहरा पाण्याकडे वळवलेला, म्हणजे नाक, हनुवटी आणि एक गाल एवढंच दिसत होतं. त्याचा एक हात लांब होऊन शेजारच्या माणसाच्या खांद्यावर टेकला होता. आणि तो शेजारचा माणूस म्हणजे त्याचा धाकटा भाऊ लिओ. तो सरळ कॅमेऱ्यात बघून तोंडभर हसत होता, हातात हा एवढा ट्राऊट मासा.

"लिओ आहे की यात," लोर्ना जपून म्हणाली. दोघा भावांचं बोलणं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. बापाची बोट लिओने आर्विडला न विचारता विकली, तेव्हापासून.

"आहे ना. तो कुठे नसतो?" हेल्मीने हातमोजे काढून मांडीवर ठेवले. "शाळेत बघ, चर्चमध्ये बघ, नाचाला बघ. लिओ आत आला की सगळ्यांच्या माना तिकडे. आर्विड मागे कोट धरून उभा. मलासुद्धा आधी लिओनेच नाचायला बोलावलं होतं, तुला ठाऊक आहे."

"सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"मग ऐक. तुमच्या त्या मशीनमध्ये फोटोचे पाच-सहा आकार होतात म्हणे. फोनवर वेगळा, कॉम्प्युटरवर वेगळा. जिथे दोघं मावतील तिथे दोघं राहू देत. मी काही लिओला कात्रीने कापून काढणारी बाई नाही. पण जिथे एकच मावेल, तिथे माझा."

"तुझाच," लोर्ना म्हणाली. "शब्द देते."

"आणि लिओला कळवायचं राहिलंय. मला त्याला फोन करवत नाही. वाचेल तो निधनवार्तेत. त्याचं नाव घातलंय मी त्यात."

शब्द पाळायला लोर्ना लगेच बसली. तिने फोटो स्कॅन केला आणि प्रोग्राममध्ये चढवला. हा प्रोग्राम एकाच फोटोतून आपोआप सगळे आकार काढत असे. वेबसाइटच्या माथ्यावरचा आडवा, लोकांच्या फोनवर बातमीसोबत जाणारा चौकोनी, बोटाने सरकवत बघतात तो उभा. कुठे काय ठेवायचं हे तो स्वतः ठरवी. फोटोत चेहरे शोधायचा, त्यातला सगळ्यात ठसठशीत चेहरा निवडायचा आणि कात्री त्याच्या भोवती फिरवायचा. म्हाताऱ्यांच्या एकेकट्या फोटोंना हे छान जमायचं. या फोटोत जमणार नव्हतं. बाजूने दिसणारा, टोपीच्या सावलीतला चेहरा मशीनला चेहरा वाटतच नव्हता. चौकोन सरळ लिओवर जाऊन बसला होता.

पण त्यावर उपाय होता. फोटोवर एक लहानसा ठिपका असतो, तो बोटाने ओढून नेऊन हव्या त्या जागी ठेवायचा. मग मशीन स्वतःचं डोकं चालवत नाही, सगळे आकार त्या ठिपक्याला धरून काढतं. लोर्नाने ठिपका आर्विडच्या गालावर ठेवला. तरी चौकोनात लिओचा अर्धा चेहरा येत होता, अर्धं हसू, एक डोळा. ते फार वाईट दिसत होतं. मग तिने चौकट आणखी लहान केली, आर्विड आणि पाणी एवढंच राहीपर्यंत. उभा आकारही तपासला. आडव्यात दोघं होते, तलाव होता, मासाही होता. तिने जतन केलं आणि उद्या सकाळी नऊला पाठवायची वेळ लावून ठेवली.

इथेच ती उठून घरी गेली असती तर बरं झालं असतं.

पण कोट घालता घालता तिचं लक्ष पडद्याकडे गेलं. आर्विडच्या गालावरून एक ओरखडा गेला होता. मूळ फोटोवरचाच, पावाच्या पिशव्यांमधून वर्षानुवर्षं फिरल्याचा. स्टुडिओत असती तर तिने बारीक ब्रश आणि शाई घेऊन तो भरला असता. मेलेल्या माणसाच्या गालावर ओरखडा ठेवून त्याला गावासमोर पाठवायचं तिच्या हाताला पटेना. ती परत बसली. फोटो पुसून, काच पुसून, जास्त बारकाईने पुन्हा स्कॅन केला, ओरखडा हलक्या हाताने भरला, पाण्यावरची धूळ काढली, आणि जुन्या फोटोच्या जागी हा नवा घातला. आर्विड आता असा दिसत होता की त्याच्या दाढीचे खुंट मोजून घ्यावेत. ती समाधानाने दिवा मालवून गेली.

जुन्याच्या जागी नवा फोटो घातला की प्रोग्रामच्या लेखी तो अगदी नवा फोटो असतो. ठिपका जातो. लहान केलेली चौकट जाते. मशीन पुन्हा पहिल्यापासून स्वतःच चेहरे शोधतं. लोर्नाला हे माहीत होतं. ती स्वतः नव्या मुलींना हे शिकवत असे.

सकाळी ती कॉफी ओतत असताना मालक क्रेग बेस्नर दारात आला. वयाने तिच्या मुलाएवढा, वडिलांचा धंदा चालवणारा, भला माणूस.

"लोर्ना, तुम्ही एकदा पडद्याकडे बघाल का? टाउनशिपच्या ऑफिसातून फोन होता. तिथली बाई विचारते, लिओ कधी गेला?"

लोर्नाने पाहिलं. "आर्विड जोहानेस रुओना" अशी अक्षरं, खाली जन्माचं आणि मृत्यूचं वर्ष, आणि वर चौकोनात लिओ, मासा धरून, तोंडभर हसत. चौकोन कापला होता तो बरोबर आर्विडच्या मनगटापाशी. आर्विड नव्हताच. त्याचा पंजा तेवढा राहिला होता, लिओच्या खांद्यावर, कुणाचाच नसल्यासारखा.

"देवा," ती म्हणाली. कॉफी कपाबाहेर जात होती.

"अहो, भांडं खाली ठेवा आधी. मशीनची चूक आहे."

"मशीनने आपलं काम केलं. मी ठिपका पुसला."

तिने उभ्यानेच फोटो बदलला. ठिपका, चौकट, जतन. पाच मिनिटांचं काम. पण जी प्रत लोकांनी एकमेकांना पाठवली होती ती परत बोलावता येत नाही. गावात ती घरोघरी पोचली होती. हरणांच्या शिकारीचा मोसम होता, माणसं जंगलातल्या झोपड्यांमध्ये फोन हातात घेऊन बसलेली. खाली लोकांनी लिहिलंही होतं. *काय हसायचा!* *त्याचं हसू विसरणार नाही.* *नाचात याच्यासारखा कुणी नव्हता.* आर्विड आयुष्यात कधी नाचला नव्हता.

दुपारच्या आत लिओच आला.

लोर्ना काउंटरमागे उभी होती. बर्फाचे बूट दारात आपटून त्याने टोपी काढली. वय झालं होतं, पण अजूनही त्याच्यामागून खोलीत उजेड आल्यासारखं वाटायचं.

"मेलेला माणूस बघायला कुठे जायचं?" त्याने विचारलं. "मीच आहे म्हणे."

"लिओ, माझी चूक झाली. मी..."

"शेजारीण दुखवट्याचं म्हणून हॉटडिशचं भांडं घेऊन आली दारात. मी दार उघडलं तर तिच्या हातातून सुटलंच. नूडल्स, मटार, सगळं पायरीवर. मी म्हटलं, अगं बाई, मेलो असतो तर तू कुणासाठी आणलंस, मला बायको तरी आहे का?" तो हसला, आणि हसता हसता बाकावर बसला. "फोटोत मी बरा दिसतो गं. मेल्यावर एवढा बरा दिसेन असं वाटलं नव्हतं."

लोर्ना काउंटरच्या बाहेर आली आणि त्याच्या शेजारी बसली. दोघं एका वर्गात होती. त्याचं हसू कुठे संपतं हे तिला शाळेपासून माहीत होतं.

"तुला कुणी सांगितलं नव्हतं ना," ती म्हणाली.

"कोण सांगणार? मी सकाळी फोन उघडला. माझा चेहरा. म्हटलं, हे काय, कुणाची गंमत? मग नाव वाचलं. तरी डोक्यात शिरेना. म्हटलं, नाव चुकलंय, माणूस मीच आहे. आधी मला हायसं वाटलं, लोर्ना, की चला, आर्विड नाही. आणि मग हात दिसला."

त्याने खिशातून फोन काढून तिच्यापुढे धरला. खांद्यावरचा तो पंजा. मधल्या बोटाचं टोक नव्हतं.

"सॉमिलमध्ये गेलं ते. ओंडक्याचं दुसरं टोक मी धरलं होतं. माझ्या हातून सटकला. तो एका शब्दाने कधी बोलला नाही त्याबद्दल. आईला म्हणाला, माझंच लक्ष नव्हतं." त्याने पंजावर अंगठा ठेवला, पडदा हलला, त्याने पुन्हा जागेवर आणला. "मग कळलं की गेला. बाकी सगळं कापलंत तुम्ही आणि तेवढंच ठेवलंत."

बाहेर रस्त्यावरून बर्फ ढकलणारी गाडी गेली आणि खिडकीची काच थरथरत राहिली.

"मला तो बघायचाय," लिओ म्हणाला. "पुरता फोटो."

तिने त्याला आत नेऊन मोठ्या पडद्यावर दाखवला. तो पडद्याजवळ जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, "पाण्याकडे काय बघत होता कुणास ठाऊक. मी कधी विचारलं नाही. मी माशाबद्दल बोलत होतो."

तेवढ्यात दार वाजलं आणि हेल्मी आत आली. कुणीतरी तिला कळवलं होतं. डोक्याचा रुमालही तिने सोडला नव्हता. तिने लिओकडे पाहिलं, जसं पावसाळी दिवसात खिडकीबाहेर बघावं तसं, आणि लोर्नाशी बोलली.

"तू शब्द दिला होतास."

"दिला होता."

"पन्नास वर्षं तो याच्या मागे उभा राहिला. मी म्हटलं, एकदा. एकदाच. मेल्यावर तरी." तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं वाटलं असतं. "आणि तुझं ते मशीनसुद्धा याच्याकडेच बघतं."

"हेल्मी, मी बदललाय. आता तिथे आर्विडच आहे, तो एकटाच."

"आता कोण बघणार? बघायचं ते बघून झालं लोकांचं." ते खरं होतं. बदललेल्या फोटोखाली दुपारपर्यंत दोनच माणसांनी काही लिहिलं होतं, आणि त्यातलं एक लोर्नाच्या बहिणीने.

लिओ टोपी हातात फिरवत होता. "हेल्मी, मला..."

"तुला काय? तुझा काय दोष? तू फक्त हसलास." ती खुर्चीवर बसली. "तेच तर. तू कधी काही केलंच नाहीस. बोट विकलीस तेव्हासुद्धा तू हसतच आलास, की बघा किती पैसे मिळाले, वाटून घेऊ. त्याने एक पैसा घेतला नाही. तू विचारलंस का कधी, का?"

"नाही."

"विचारायचं होतंस."

लिओने टोपी घातली आणि तो निघून गेला. दार त्याने अगदी सावकाश लावलं.

उद्याच्या अंत्यदर्शनासाठी हॉलमधला पडदा राहिला होता. तो उभा, माणसाच्या उंचीचा. त्यावर आडवा फोटो घालायचा म्हणजे दोन्ही बाजू कापणं आलं. लोर्नाने हेल्मीला खुर्ची ओढून शेजारी बसवलं. यावेळी जे कापायचं ते तिच्या देखत.

"हे बघ. ठिपका आर्विडवर. असा दिसेल." पडद्यावर आर्विड उभा राहिला, मागे पाणी, टोपी, गाल. मोठा, पुरा पडदा भरून. ओरखडा कुठेच नाही. हेल्मी पुढे झुकली. तिचे ओठ हलले.

"किती देखणा होता," ती म्हणाली. मग बोट उचललं. "हात?"

आर्विडचा हात कोपरापर्यंत येऊन पडद्याच्या कडेला संपत होता.

"हात घ्यायचा तर लिओ येतो," लोर्ना म्हणाली. "या आकारात दुसरा रस्ता नाही. मी हात पुसून पाणी रंगवू शकते. खाली सोडलेला हातही रेखाटता येईल. पण तो त्याचा नसेल."

हेल्मीने त्या कोपरावर बोट टेकवलं.

"मी कॅमेरा उचलला तेव्हा तो हात तिथे नव्हता," ती म्हणाली. "लिओ म्हणाला, चल रे, हस की. आर्विडने तोंड फिरवलं. त्याला हसायला सांगितलेलं आवडायचं नाही. आणि मग हात ठेवला. तोंड तिकडे आणि हात इकडे. असाच होता तो." तिने नाक पुसलं. "सगळा घालता येत नाही का? न कापता?"

"येतो. पण मग लहान दिसेल. पडद्याच्या मधोमध एक आडवी पट्टी, वर काळं, खाली काळं. लोकांना जवळ जाऊन बघावं लागेल."

"आणि जवळ गेले तर आधी लिओच दिसेल."

"आधी तोच दिसेल," लोर्ना म्हणाली. खोटं बोलायची ती वेळ नव्हती.

हेल्मीने हातमोजे घातले, एकेक बोट नीट बसवत. "सगळा घाल," ती म्हणाली. "हात कापून मी त्याला पाठवणार नाही."

दर्शनाला गाव आलं. शिकारीचे नारिंगी कोट दाराशी टांगलेले, तळघरात मांस भरलेल्या पास्टी आणि कॉफी. माणसं पडद्याजवळ यायची, डोळे बारीक करून वाकायची. "हा तर लिओ," कुणी म्हणे, आणि मग, "अरे, आणि तो आर्विड, तिकडे कडेला." हेल्मी शवपेटीशी उभी राहून हात हातात घेत होती. "हो, तोच," असं प्रत्येकाला म्हणत होती.

लिओ आला नव्हता. पण लोर्नाने खिडकीतून पाहिलं तर रस्त्यापलीकडे त्याचा ट्रक उभा होता, काचा आतून धुरकटलेल्या. तिने हेल्मीच्या कानात सांगितलं. हेल्मीने खिडकीकडे मान वळवली नाही.

"इंजिन चालू आहे?" तिने विचारलं.

"नाही दिसत."

"गारठेल मूर्ख." मग थोड्या वेळाने, पुढच्या माणसाचा हात धरलेला असतानाच, "कॉफी नेऊन दे त्याला. आणि सांग, आत ये म्हणून."

लोर्ना कागदी कप घेऊन बर्फातून गेली. लिओने काच खाली केली. त्याने दाढी केली होती, टाय लावला होता, काळा कोट घातला होता.

"हेल्मी आत बोलावते आहे."

त्याने कप दोन्ही हातांत धरला.

"मी आत गेलो तर लोक माझ्याकडे येतील," तो म्हणाला. "हॉटडिशची गोष्ट सांग म्हणतील. आणि मी सांगेन, लोर्ना. मला माहीत आहे मी कसा आहे. मी सांगेन, आणि सगळे हसतील."

"मग सांगू नकोस."

"जमलं असतं तर आजवर जमलं असतं." त्याने दरवाजाकडे पाहिलं. लोक बाहेर पडत होते, कोटांच्या कॉलरी वर करत. "बघतायत का त्याच्याकडे?"

"बघतायत."

"त्याच्याकडेच?"

लोर्नाच्या पापण्यांवर बर्फ बसत होता. "जवळ जाऊन बघतायत," ती म्हणाली.

लिओने मान हलवली. काच वर केली. लोर्ना परत दारापर्यंत गेली तोवर हॉलमधली गर्दी ओसरली होती, आणि हेल्मी एकटी पडद्यासमोर उभी होती, नाक काचेला लागेल एवढी जवळ, हाताने लिओची बाजू झाकून धरलेली.